घरचं माणूस वेळेवर आलं नाही की जीव टांगणीला लागतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवेलागण झाली, वस्तीची एसटीही येऊन गेली, तरी आपलं माणूस अजून आलेलं नाही. अशा वेळी ज्यांच्या मनात थेट अपघात, दवाखाना आणि पुढचं सगळं उभं राहतं, त्यांच्यासाठी हे पान आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या लोकांशी समुपदेशनात बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत.

काळजी तर सगळ्यांनाच वाटते. माझी जास्त आहे हे कसं ओळखायचं?

काळजी किती वाटते यावरून नीट कळत नाही. त्या तासाभरात तुम्ही काय करता, ते बघा. साधी काळजी वाटणारं माणूस घड्याळाकडे बघतं, "आज उशीर झालाय वाटतं" म्हणतं आणि पुन्हा भाजी चिरायला बसतं. तुमची भाजी तशीच राहते का? दहा मिनिटांत पाच फोन जातात का? पडवीतून फाटकापर्यंत येरझारा सुरू होतात का? आणि मुख्य म्हणजे, यायची वेळ व्हायच्या आधीपासूनच पोटात गोळा येतो का?

आणखी एक खूण आहे. माणूस सुखरूप घरी आल्यावर साधी काळजी जागच्या जागी संपते. इथे मात्र सुटका झाल्यासारखं वाटतं आणि पाठोपाठ राग तरी येतो, रडू तरी फुटतं किंवा उद्याची धास्ती लागते. हे आठवड्यातून बऱ्याचदा होत असेल आणि त्यापायी घरच्यांचं जाणंयेणं तुम्ही कमी करायला लागला असाल, तर याकडे लक्ष द्यायला हवं.

मनात थेट अपघाताचंच चित्र का येतं? पंक्चर का आठवत नाही?

पंक्चर लक्षात राहत नाही म्हणून. शंभर वेळा उशीर झाला आणि माणूस हसत घरी आलं, तर त्यातली एकही संध्याकाळ आठवणीत उरत नाही. पण परशुराम घाटात दरड आली तेव्हाचा व्हॉट्सअॅपवर फिरलेला फोटो किंवा शेजारच्या वाडीतल्या मुलाची चेचलेली मोटारसायकल डोळ्यांपुढून जात नाही. काहीच कळत नसलेल्या वेळेत मनाला जे आधी हाताशी येतं, ते मन पुढे करतं.

इथपर्यंत ते सगळ्यांच्याच मनात येतं. फरक पुढे पडतो. ज्याला घबराट होते त्याला ते चित्र बातमीसारखं वाटतं. शरीर त्या बातमीला उत्तर देतं. छाती धडधडते, हातपाय गार पडतात. मग मन त्या धडधडीकडेच बोट दाखवतं: बघ, आतून कळतंय, नक्की काहीतरी झालंय. म्हणजे चित्रामुळे धडधड झाली, आणि ती धडधडच चित्र खरं असल्याचा पुरावा ठरली. हे चक्र एकदा फिरायला लागलं की बाहेरून एकही नवी माहिती न येता भीती वाढत जाते.

पण आईच्या मनाला आधी कळतं म्हणतात. ती पाल चुकचुकणं खोटं कसं?

वाद घालू नका, वही घाला. शाळेची शंभरपानी वही पुरते. मन शंकलं की माणूस यायच्या *आधी* लिहायचं: तारीख, वेळ, काय झालं असेल असं वाटतंय, आणि दहापैकी किती खात्री वाटते. माणूस आल्यावर खाली एका ओळीत उशिराचं खरं कारण लिहायचं.

आधी लिहिण्याला महत्त्व आहे, कारण नंतर आठवण फसवते. एखाद्या वेळी खरंच काही घडलं की "मला वाटलंच होतं" हे जन्मभर लक्षात राहतं. ज्या असंख्य वेळी वाटलं आणि काहीच घडलं नाही, त्यांची नोंद कुणाकडेच नसते. दोनेक महिन्यांनी वही चाळली की कारणांची यादी बघून बहुतेकांना हसू येतं. पेट्रोल पंपावर रांग, नाक्यावर जुना वर्गमित्र भेटला, बायकोनेच सांगितलेलं औषध दुसऱ्या दुकानात मिळालं, लिलाव उशिरा झाला म्हणून मासळी घ्यायला थांबले. हसू आलं म्हणून भीती लगेच जात नाही. पण "आतून कळतं" या म्हणण्याची पत कमी होते.

छातीत धडधडतं, हाताला मुंग्या येतात, श्वास पुरत नाही. हा हार्टचा त्रास तर नाही?

बहुतेक वेळा ही घबराटच असते. शरीराने धोका आला असं समजून अॅड्रेनालिन सोडलेलं असतं, म्हणून धडधड. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग स्वतःहून उतरतो. तो उतरवावा लागत नाही.

अशा वेळी "मोठा श्वास घे" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्याने मुंग्या वाढतात. श्वास बेताचा घ्या आणि सोडताना लांबवा. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, एवढंच.

मात्र असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, छातीवर ओझं ठेवल्यासारखं दुखून ते हातात किंवा जबड्यात जात असेल, मधुमेह किंवा बीपी असेल, किंवा चढ चढताना दुखत असेल, तर घबराट आहे असं घरीच ठरवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. तो एकदा नॉर्मल आला की दर वेळी पुन्हा काढायची मात्र सवय लावू नका.

फोन केला तर काय बिघडलं? दोन मिनिटांत जीव शांत होतो.

शांत होतो हे खरं, आणि बिघडतं ते तिथेच. फोन लागला, "येतोय गं" ऐकलं, बरं वाटलं. पण मनाने यातून असं शिकून घेतलं की फोन केला म्हणून धोका टळला. न विचारताही माणूस घरी येतं, हे बघायची संधीच त्याला मिळाली नाही. पुढच्या वेळी फोनची गरज लवकर लागते. आधी अर्धा तास उशिराने लागायची, मग पंधरा मिनिटांनी, मग निघायच्या वेळेलाच.

आपल्याकडे त्यात रेंजची भर. घाटात, कातळावर, खाडीलगतच्या उतारावर फोन लागत नाही. "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे" हे वाक्य रस्त्याबद्दल सांगत असतं, माणसाबद्दल नाही. घाबरलेल्या कानाला मात्र त्यात वेगळंच ऐकू येतं.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. माणूस दुचाकीवर असेल तर तुमचा फोन हाच त्या रस्त्यावरचा जास्तीचा धोका आहे. चौथ्यांदा वाजला की तो एका हाताने खिशातून फोन काढतो, वळणावर, काळोखात. त्याच्या जिवासाठी केलेला फोन त्याचं लक्ष रस्त्यावरून काढतो.

मग नेमकं करायचं काय? एखादं उदाहरण सांगाल?

गुहागर तालुक्यातल्या एका बाईंचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. त्यांचे यजमान चिपळूणला दुकानात कामाला. दुकान सातला बंद होतं. मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत मोटारसायकलने घरी. बाईंच्या डोक्यात यायची वेळ ठरलेली, सव्वाआठ. आठ वाजून वीस मिनिटांनी पहिला फोन जायचा, साडेआठपर्यंत सात-आठ व्हायचे. पावणेनऊपर्यंत दिराला गाडी काढायला सांगून झालेलं असायचं.

पहिलं काम होतं उशीर कशाला म्हणायचं ते ठरवण्याचं. दोन आठवडे त्यांनी यजमान येण्याची वेळ नुसती लिहून ठेवली. लवकरात लवकर आठ वाजून पाच, उशिरात उशिरा नऊ वाजून दहा. म्हणजे सव्वाआठ ही यायची वेळ नव्हतीच. ती एखाद्या चांगल्या दिवसाची वेळ होती आणि उरलेल्या सगळ्या दिवसांना त्या "उशीर" म्हणत होत्या. आठ ते सव्वानऊ हा सगळाच वेळ येण्याचा. उशीर सव्वानऊनंतर सुरू होतो. पावसाळ्यासाठी त्यांनी आणखी अर्धा तास धरला.

दुसरं, कागद. शांत असताना, दुपारी, यजमानांबरोबर बसून लिहिलेला. दुकानातून निघताना ते "निघालो" एवढा एकच मेसेज टाकणार. सव्वानऊपर्यंत बाईंनी फोन करायचा नाही. सव्वानऊला एक फोन. लागला नाही तर साडेनऊला दुसरा. दहा वाजता दुकानातल्या सहकाऱ्याला आणि शृंगारतळीच्या नातेवाइकांना विचारायचं. तरी पत्ता नसेल तर साडेदहाला ११२. हा कागद भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचला. त्याचा खरा उपयोग असा की घाबरलेल्या मनाला त्या घडीला काही ठरवावं लागत नाही, दुपारच्या शांत डोक्याने ते आधीच ठरवलेलं असतं. आणि खरंच काही झालंच, तर हीच व्यवस्था दहा फोनांपेक्षा लवकर कामाला येते.

तिसरं, थांबणं. पहिल्याच दिवशी सव्वानऊपर्यंत थांबणं त्यांना जमणार नव्हतं, आणि तसा हट्टही धरायचा नाही. सुरुवात "फोन करावासा वाटल्यावर दहा मिनिटांनी" अशी झाली. त्या दहा मिनिटांत भीतीला दहापैकी आकडा द्यायचा, दर पाच मिनिटांनी. आकडा आठवर गेला, तिथेच राहिला, फोन झाला. ठीक. काही दिवसांनी वीस मिनिटं. तेव्हा पहिल्यांदा आठचा सहा झालेला त्यांनी स्वतः पाहिला, फोन न करता, यजमान अजून रस्त्यात असताना. सगळ्या खटाटोपात हा क्षण मोलाचा. भीती माहिती न मिळताही उतरते, हे ऐकून पटत नाही, आपल्या अंगाने पाहावं लागतं. पुढे अर्धा तास, मग सव्वानऊ.

या वेळेत हाताला काम हवं, पण विचार पळवून लावण्यासाठी नाही. त्या कोळंबी सोलायच्या किंवा नारळ खवायच्या. अपघाताचं चित्र आलं की "आलाय तो विचार" एवढं म्हणायचं आणि खवणी चालू ठेवायची. विचाराशी भांडलात की तो बसकण मारतो. आणि टीव्हीवरच्या बातम्या त्या तासात बंद.

त्यांना हे सहज जमलं का?

नाही. पहिला आठवडा आधीपेक्षा वाईट गेला. हे जवळपास सगळ्यांचंच होतं आणि पुष्कळ जण तिथेच सोडून देतात.

त्याहून अवघड होतं ते फोनची जागा दुसऱ्याच गोष्टीने घेणं. बाईंनी फोन थांबवला, पण व्हॉट्सअॅपवर यजमान शेवटचे कधी ऑनलाइन होते ते बघायला लागल्या, मिनिटामिनिटाला. ते आमच्या लक्षात तीन आठवड्यांनी आलं, कारण त्यांना ते "बघणं" वाटतच नव्हतं. दिराला "तुला काही कळलं का रे?" विचारणं, रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की फाटकापर्यंत जाणं, हेही सगळं फोनच. फोन बंद आहे आणि भीती तसूभर हलत नाही, असं दिसलं की अशी चोरवाट शोधायची.

देवाचं विचारतात, म्हणून सांगतो. रोज दिवेलागणीला हात जोडत असाल तर ते खुशाल चालू ठेवा. पण "एकशेआठ वेळा नीट म्हटलं नाही तर त्यांना काही होईल" असं वाटून जप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर तो जप त्या क्षणी फोनचंच काम करतोय.

लाइव्ह लोकेशन लावून ठेवलं तर?

रात्रीच्या एखाद्या लांबच्या प्रवासापुरतं, मुंबईहून गाडी घेऊन येताना वगैरे, हरकत नाही. रोजच्या येण्याजाण्याला नको. रेंज गेली की नकाशावरचा ठिपका वळणावर थांबतो आणि घरी बसलेल्याचा श्वासही. गाडी पुढे गेलेली असते, ठिपका तिथेच असतो.

तो आला की मी त्याच्यावर तुटून पडते. "खंय होतंस रे मेल्या इतको वेळ?" इथूनच सुरू. मग रात्रभर अबोला.

एक तास साठलेली भीती बाहेर पडायला वाट शोधते आणि रागाची वाट सोपी असते. नुकसान असं की आलेल्या माणसाला भीती दिसतच नाही, नुसता राग दिसतो. मग तो दोनपैकी एक करतो: उशीर होणार हे सांगायचंच टाळतो किंवा फोन सायलेंटवर टाकतो. तुम्हाला मिळणारी माहिती आणखी कमी होते आणि उद्याची संध्याकाळ आणखी वाईट जाते.

आल्यावर पहिली दहा मिनिटं उशिराचा विषय काढायचा नाही, एवढा एक नियम दोघांनी मिळून करा. पाणी द्या, हातपाय धुऊ द्या. नंतर बोलायचंच असेल तर जे खरं ते बोला: "मी आज फार घाबरले होते." हे वाक्य तोंडातून काढायला राग काढण्यापेक्षा जड जातं, मान्य. सवयीने जमतं.

पावसात घाट बंद होतात, समुद्र खवळतो. इथली भीती खरीच नाही का?

खरी आहे, आणि तिला खोटं ठरवायचा इथे प्रयत्नही नाही. खऱ्या धोक्याच्या काळजीला करण्यासारखं काहीतरी असतं आणि ते एकदा करून संपतं. रेड अलर्ट आहे, घाटात दरडी येतायत, तर सकाळीच ठरवा की आज चिपळूणलाच राहायचं. बस. घबराटीला करण्यासारखं काही नसतं, म्हणून ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करते.

मासेमारीवाल्या घरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी संपली की ऑगस्टमध्ये होड्या निघतात, तेव्हा समुद्र पुरता शांत झालेला नसतो. किनाऱ्यापासून दूर गेलं की मोबाइल लागत नाही, आणि मोठे ट्रॉलर तर कित्येक दिवस बाहेर असतात. तिथे खलाशाला फोन लावत बसण्यात अर्थच नाही. बातमी येते ती तांडेलाच्या वायरलेसवरून, बरोबरच्या बोटींकडून आणि सोसायटीतून. म्हणून घरच्या कागदावर खलाशाच्या नंबरऐवजी कुणाला विचारायचं ते लिहा: मालक, सोसायटी, सोबत गेलेल्या बोटीच्या घरचे. परतायचा दिवसही "गुरुवार" असा न धरता "बुध ते शनी" असा धरा. तो काळ उलटला आणि बरोबरच्या बोटींनाही पत्ता नसेल, तर तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीसाठीचा नंबर १५५४ आहे.

आमच्या घरात खरंच तसं झालंय. भाऊ गेला तेव्हाही आम्ही असेच वाट बघत होतो.

मग वर सांगितलेलं सगळं एकट्याने करायला घेऊ नका. अशा घरात "असं काही होत नसतं" हे वाक्य चालत नाही, कारण झालेलं असतं. ती संध्याकाळ डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहणं, फोन वाजला की दचकणं, तो रस्ता टाळणं, झोपेत ओरडणं हे महिनाभराहून जास्त चालू असेल, तर आधी त्या आघातावर उपचार हवेत. थांबण्याचा सराव त्यानंतर, जाणकाराच्या सोबतीने.

डॉक्टरकडे कधी जायचं, आणि कुठे?

झोप उडाली, जेवण तुटलं, घरच्यांनी बाहेर जाणं सोडलं, किंवा दोन महिने मनापासून करूनही फरक नाही, तर जा. जगणं नको वाटायला लागलं असेल तर थांबूच नका. डॉक्टरकडे गेलात की थायरॉइडही तपासून घ्या, ते वाढलं तरी अशीच धडधड आणि अस्वस्थता होते.

उपचार दोन प्रकारचे. एक बोलण्याचे, ज्यात विचार आणि वागणं बदलण्याचा सराव करून घेतात. वर सांगितलेली पद्धत तिथलीच. दुसरे गोळ्यांचे. चिंतेवर नियमित घ्यायच्या गोळ्यांचा फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. लगेच गुंगी आणणाऱ्या गोळ्या वेगळ्या. त्यांची सवय लागते. शेजारणीला बरं वाटलं म्हणून तिच्या पाकिटातली संध्याकाळी एक घेतली, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि ते बंद व्हायला हवं.

रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून लोक बिचकतात, पण बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. तेवढं लांब जमत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येतं.

त्रास मला नाही, माझ्या आईला आहे. उशीर मला होतो. मी काय करू?

"काही होत नाही गं" म्हणू नका, त्याने तिला आपण वेड्या ठरतोय असं वाटतं. दहा फोनांना दहा वेळा "आलोच" हे उत्तरही देऊ नका. "आलोच" म्हणून पाऊण तास लावलात तर तिच्या वहीत आणखी एक उशीर तुम्ही स्वतः लिहिलात. तिच्याबरोबर कागद करा आणि तुमच्या बाजूचं पाळा: निघताना एक मेसेज, त्यात वेळेचा नेम नाही, पल्ला. "निघालो, साडेआठ ते साडेनऊमध्ये येईन, गाडीवर फोन उचलणार नाही." आणि बॅटरी संपत आली असेल तर ते निघण्याआधी कळवा, वाटेत नाही.